अक्षरी एक, अंकी एक

पावतीचा अनुवाद दोघांनी तपासायचा, हा आमच्या कामातला नियम. पावतीच्या फोटोतली अक्षरी रक्कम मी मोठ्याने वाचायची, अंक नवऱ्याने. जुळलं की अनुवादासोबतच्या प्रमाणपत्रावर मी अनुवादक म्हणून सही करायची, तो तपासनीस म्हणून. एकट्याने वाचलं की डोळे लबाडी करतात. अंक एकदा पाहिले की अक्षरंही तशीच दिसू लागतात. "एकटीने तपासणं म्हणजे आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय," असं तो म्हणायचा. मी चिडायची, कारण कुत्रं कोण ते कधी सांगायचा नाही.

तो जाऊन आठ महिने झाले. तपासनिसाच्या रेघेवर त्याची सही मीच ठोकत होते. आम्हाला काम देणाऱ्या अनुवाद कचेरीला कळवलंच नव्हतं.

आज दुपारी तिथल्या बाईंचा फोन आला. तीन दिवसांत माझ्याशी बोलणारं पहिलं माणूस.

"ताई, व्हीलचेअरची ती पावती विमा कंपनीने परत पाठवलीय. अनुवादात अक्षरी रक्कम चुकलीय म्हणतात. गिऱ्हाईक बाई सकाळपासून बसून आहेत, नवरा अंथरुणावर आहे त्यांचा. पाचच्या आत दुरुस्त प्रत गेली नाही, तर दावा बाद."

"आत्ता पाठवते."

"दोघांनी बघून पाठवा हं. साहेबांना द्या बरं फोन, मीच सांगते."

बाहेर गेलेत म्हणणं सोपं होतं. पण पुन्हा एकटीने पाहिलं असतं तर पुन्हा तेच दिसलं असतं, आणि भोगलं असतं त्या बाईने.

"ते वारले," मी म्हणाले. "आठ महिने झाले." हे मी अजून कोणालाच मोठ्याने सांगितलं नव्हतं. माझाच आवाज मला परका वाटला.

पलीकडे कळफलकाची टकटक झाली. मग बाई म्हणाल्या, "फोटो माझ्यासमोर आहे. पावतीची भाषा मला येत नाही, पण अंक वाचता येतात. तुम्ही अक्षरं वाचा."

मी अंकांवर हात ठेवला आणि एकेक शब्द वाचला. "तेरा हजार चारशे."

"इथे चौदा हजार तीनशे आहे."

म्हणजे चूक मुळात दुकानदाराची होती. अक्षरी रक्कमही अंकांसारखीच लिहून मी ती नकळत झाकली होती. दुरुस्त करणं आमचं काम नाही. दोन्ही रकमा मुळात आहेत तशा लिहिल्या आणि खाली टीप दिली: मूळ पावतीत अक्षरी व अंकी रक्कम जुळत नाही. दुकानाकडून खुलासा घ्यायला गिऱ्हाईक बाई कचेरीतूनच निघाल्या.

"तपासनीस म्हणून माझं नाव घाला," कचेरीतल्या बाई म्हणाल्या. "जुन्या सह्यांचं उद्या बोलू. बोलावं लागेल."

"हो."

फोन ठेवला आणि प्रमाणपत्रावरचं नवऱ्याचं नाव पुसायला घेतलं. बोट तिथेच अडलं. आठ महिने मी ती सही कामासाठी करतेय, असंच मला वाटत होतं. दिवसातून एकदा त्याचं नाव लिहायला मिळायचं, म्हणून करत होते.