लाल चकतीचं घड्याळ

उशिरामुळे राजरत्नच्या तीन नोकऱ्या गेल्या होत्या आणि त्यासाठी तो आता एका डॉक्टरबाईंकडे जात होता. त्यामुळे बायकोने टेबलावर लाल चकतीचं घड्याळ ठेवताच त्याला संशय आला.

"माझ्यावर पाळत ठेवणार? डॉक्टरबाईंना सगळं सांगणार?"

"नाही," यशोधरा म्हणाली. "दहा मिनिटं लावली की लाल भाग कमी होत जातो. वेळ किती उरला ते दिसतं. लावायचं तूच."

सोबतच्या कागदावर होतं: टॉवेल घे. आंघोळ कर. शर्ट घाल. तयार हो. त्याला ते अपमानास्पद वाटलं.

तरी सोमवारी ती भाजी आणायला गेल्यावर त्याने गुपचूप चकती फिरवली. आंघोळ झाली, शर्टही झाला. 'तयार हो'पाशी मात्र तो नुसताच उभा राहिला. लाल भाग संपला, तेव्हा यशोधरा दारात होती. आता ही ओरडणार, असं त्याला वाटलं.

तिने ती ओळ खोडून लिहिलं: मोजे घाल. बूट घाल. डबा उचल.

"ही पायरीच मोठी होती."

तिच्या चेहऱ्यावर त्याने थट्टा शोधली, सापडली नाही. मग त्याने पाच मिनिटं लावली आणि लाल भाग थोडा शिल्लक असतानाच घर सोडलं. अंबरनाथच्या कारखान्यातल्या नव्या नोकरीवर तो वेळेवर पोहोचला. उद्याही हे जमेल, यावर मात्र त्याचा अजून विश्वास नव्हता.