चित्रकलेच्या खोलीचा शेवटचा अर्ज

अर्ज लिहायचा मला आता वीट आला होता. तरी लिहिला. प्रति, मा. मुख्याध्यापिका. विषय: चित्रकला खोलीसाठी मूलभूत साहित्य मिळणेबाबत. खाली नेहमीचंच: ड्रॉइंग पेपर, पोस्टर कलर, ब्रश, पाण्याची भांडी, चित्रफळ्या, स्थिरचित्रासाठी मातीचा घडा, रंगीत कापड आणि हंगामी भाजी. दर जूनमध्ये हाच अर्ज, आणि दर जूनमध्ये हेच उत्तर: अनुदान प्राप्त झाल्यावर विचार करू. दर्यापूरच्या आमच्या शाळेत अनुदान कधी येतं आणि कुठं जातं, हे ब्रह्मदेवालाही ठाऊक नसावं.

यंदा फक्त एक ओळ वाढवली. 'मी ऑगस्टअखेर सेवानिवृत्त होत आहे.' म्हटलं, जाता जाता तरी कुणाला लाज वाटेल.

आवक शिक्का मारायचा म्हणून आमचा कारकून चंद्रभान अर्ज उलटासुलटा करत बसला. "सर, दोन महिने राहिले तुमचे. कायले डोकं लावून राहिले?"

"माह्यासाठी नाई रे बावा. पोरांसाठी."

"पोरांले शिकवणार कोण? तुमची जागा भरत नाई म्हणते संस्था."

तेवढंच ऐकायचं राहिलं होतं. अर्ज ट्रेमध्ये पडला आणि पुढे दोन आठवडे तिथंच पडून राहिला.

मग एक दिवस संस्थेचे अध्यक्ष उत्तमराव टेप घेऊन माझ्या खोलीत आले. मी पोरांना वांग्यावरचा उजेड दाखवत होतो. इंटरमिजिएट ग्रेडची परीक्षा तोंडावर होती. त्या परीक्षेत चांगली श्रेणी मिळाली की दहावीत गुण वाढतात. गावातल्या पोरांना अमरावतीचा क्लास परवडत नाही, त्यांना ही एकच खोली. उत्तमरावांनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भिंत मोजली. "स्टोअरसाठी मस्त हाय," एवढं म्हणून गेले. माझ्या हातातलं वांगं मी खाली ठेवलं. राग आला, पण रागवायचीही ताकद उरली नव्हती.

साधना गावंडे मॅडमना आमच्याकडे मुख्याध्यापिका होऊन वर्षच झालं होतं. मी थेट त्यांच्यासमोर जाऊन बसलो.

"मॅडम, माह्या अर्जाचं काय झालं?"

"वेतनेतर अनुदान आलं, सर. लाइटबिलातच गेलं. तुमचा अर्ज मी शाळा समितीत ठेवला होता. उत्तमराव म्हणले, शिक्षकच राहणार नाई त सामान कायले? खोली रिकामीच हाय."

"रिकामी?"

"जुनी टेबलं अन् फुटका घडा. त्याईले रिकामीच दिसते."

"अन् तुमाले?"

मॅडमनी उलट मलाच एक काम दिलं: नव्या वॉटर कूलरवर दात्याचं नाव टाकून द्या, सर, तुमच्यासारखं अक्षर कोणाचं नाही. आता घ्या! खोलीला रंग नाही, पण दात्यांच्या नावाला ऑइलपेंट हजर.

हे आमच्या शाळेचं जुनं खूळ आहे. पंखा असो, बाक असो, घंटा असो, प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव. सगळी मी रंगवलेली. स्टाफरूममध्ये एक पंखा आहे, कुण्या माणिकबाईंच्या स्मरणार्थ. बंद पडून जमाना झाला, पण तो काढायची कोणाची टाप नाही. दात्याचं नाव आहे ना! माणिकबाईंचे नातू अजून वर्गणी देतात. मी गुमान कूलर रंगवला आणि घरी गेलो.

निरोप समारंभाला आमच्याकडे सोन्याची अंगठी द्यायची रीत आहे. स्टाफ वर्गणी काढतो. आधी कोणीतरी गुपचूप घरी जाऊन बायकोकडून नवऱ्याच्या बोटाचं माप आणतं, आणि नवरा गुपित ठाऊक नसल्याचं नाटक करतो. मराठीच्या रागिणी मॅडम दोरा घेऊन आमच्याकडे येऊन गेल्या. माझ्या बायकोनं, शकुननं, माप दिलं. त्या दिवसापासून ती जरा खुशीत होती, आणि मला बरं वाटत होतं. तिच्यासाठी मी तरी सोनं कधी आणलं होतं?

समारंभ झाला. शाल, नारळ, भाषणं. मग दोघांनी मिळून दोन मोठी खोकी आणली, चमकीच्या कागदात गुंडाळलेली. उत्तमराव म्हणाले, "टीव्ही हाय काय?" सगळे हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार. ऑटोत खोकी घातली, मांडीवर नारळ घेतला आणि निघालो.

घरी शकुननं कागद फाडला. ड्रॉइंग पेपर. पोस्टर कलर. ब्रश. पाण्याची भांडी. चित्रफळ्या. निळं कापड. तळाशी मातीचा घडा आणि त्यात दोन वांगी. माझा अर्ज, वस्तूंच्या रूपात, माझ्या घरात.

"बाप्पा!" शकुन म्हणाली. "अंगठी कुठं हाय?"

मी सरळ मॅडमना फोन लावला. "थट्टा करता काय माही? मी शाळेसाठी मागितलं होतं. घरी काय वांगी रंगवत बसू?"

"सर, आधी ऐका," मॅडम म्हणाल्या. "शाळेसाठी घ्यायची मले मंजुरी नाई. वर्गणी तेवढी माह्या हाती होती. साऱ्या स्टाफले विचारलं, सारे हो म्हणले. तुमाले विचारलं असतं त तुमी नाई म्हणले असते."

"मग आता मी काय करू याचं?"

"अनुदान मागायले मंजुरी लागते, सर. दान द्यायले लागत नाई. अन् दान दिलेली वस्तू आपल्या शाळेत कोणी हलवते काय? नावं त तुमीच रंगवली ना सारी?"

फोन ठेवला आणि मी खुर्चीवर बसूनच राहिलो. बाई पोहोचलेली निघाली! मला मात्र शकुनकडे बघवेना.

"हे शाळेले दिलं त अंगठीचे पैसे गेले समज," मी म्हटलं. "नेऊन देऊ काय हे सारं?"

ती वांग्याचं देठ चाचपत होती. "रागिणीले मी तुमचं माप दिलंच नव्हतं," ती म्हणाली. "माह्या बोटाचं दिलं होतं. तुमी कुठं घालता अंगठी."

जीव कळवळला. मी फाटलेला चमकीचा कागद गोळा करू लागलो.

"न्या," शेवटी ती म्हणाली. "पण नाव माहं टाका. अंगठी माही होती."

दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्ज लिहिला. विषय: चित्रकला खोलीस साहित्य भेट देणेबाबत. अट एकच: साहित्य त्याच खोलीत राहावं. चंद्रभाननं उभ्या उभ्या शिक्का मारला आणि वर चहा मागवला. मागणाऱ्याचा अर्ज ट्रेमध्ये झोपतो, देणाऱ्याचा पायानं चालतो. मॅडमनी सही केली, साठा नोंदवहीत नोंद झाली, खोलीचा ताबा रागिणी मॅडमच्या नावावर. त्यांना सरळ रेघ येत नाही, पण किल्ली आली. शनिवारी शिकवायला मी येतो म्हटलं, फुकट. उत्तमरावांनी कागद दोनदा वाचला. "दात्याची वस्तू हाय म्हणता? मंग राहू द्या," म्हणाले आणि टेप खिशात टाकली.

साहित्य खोलीतल्या कपाटात लावलं आणि कपाटावर मी नाव रंगवलं: सौ. शकुन शेखर काळमेघ यांजकडून भेट. इतकी वर्षं दुसऱ्यांची नावं रंगवली, घरचं हे पहिलंच.

शनिवारी शकुन बघायला आली. पोरं घड्याभोवती बसून वांगी काढत होती. तिनं कपाटावरचं नाव वाचलं, मोकळं बोट त्यावरून फिरवलं, रंग वाळला का पाहिलं. मग वांग्याजवळ जाऊन उभी राहिली.

"हे सुकून राहिलं," ती म्हणाली. "पुढच्या शनिवारी ताजं आणा. मी देईन."