टकली माशी

माझ्या जावेचं अक्षर चांगलं आहे, भाकरी पातळ होते, वेणी कमरेपर्यंत येते आणि तिला राग येत नाही. एवढं सगळं एका बाईला देताना देवाने जरा इकडेतिकडे बघायला हवं होतं. बाकीचं मी सहन केलंही असतं, पण ती माश्यांच्या नादाला लागली आणि माझं डोकं फिरलं.

आमच्या देवळाली प्रवरेच्या शिवारात कांद्याचं बी घेणारे शेतकरी बरेच आहेत. थंडी सरता सरता कांद्याचे डेंगळे फुलतात, पांढरे गोंडे शेतभर डोलतात आणि मधमाशी आली तरच बी भरतं. म्हणून मी सातेरी माशीच्या लाकडी पेट्या पाळते आणि हंगामात शेतकऱ्यांच्या बांधावर नेऊन ठेवते. ट्रेनिंग घेतलं, डंख खाल्ले, हात सुजवून घेतले, तेव्हा कुठे लोक मला माशीवाल्या रेश्माताई म्हणायला लागले. नवऱ्याचं नाव तरी लोकांना आठवायला लागतं, माझं लागत नाही.

आम्ही बी घेणाऱ्यांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. कुणाच्या गोठ्यात, विहिरीत, पाण्याच्या मोटारीच्या खोलीत माश्या दिसल्या की तो जवळून फोटो काढून टाकतो आणि मी सांगते. गांधील असेल तर सांभाळून काढा, मधमाशी असेल तर हात लावू नका, मी पेटी घेऊन येते. इकडच्या माणसाला उडणारं आणि डसणारं सगळं एकच, आणि त्यावर इलाजही एकच, रॉकेलचा बोळा. किती मोहोळं त्या बोळ्यापासून मी वाचवली असतील.

मग धाकटा दीर आदिनाथ लग्न करून मोनिकाला घेऊन आला. पहिल्या वर्षी ती माझ्या मागे मागे पेट्यांवर यायची. मी एका पेटीपुढे बसायचे, ती शेजारी. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. शिकवताना माणूस फुगतोच. पण पोरीने मोबाईलला लावायचं छोटं भिंग मागवलं आणि असे फोटो काढायला लागली की माशीच्या डोळ्यावरची लव मोजून घ्यावी. ग्रुपमध्ये लोक आधी लिहायचे, “रेश्माताई, बघा ना.” मग लिहायला लागले, “रेश्माताई, मोनिकाताई, बघा ना.” यंदा नुसतंच, “मोनिकाताई, बघा ना.”

आणि ती बघायची. “कंबर दोऱ्यासारखी बारीक, पाय लांब लोंबतात, अंग गुळगुळीत, म्हणजे साधी गांधील. हीच जर जाड अंगाची, डोकं रुंद, कंबर आखूड आणि पोट पुढून एकदम कापल्यासारखं असेल तर मोठी गांधील, हॉर्नेट. अंग ठेंगणं, छातीवर लव, कंबर लवेत लपलेली आणि मागचे पाय चपटे, तर मधमाशी.” वाक्यं माझीच. तोंड तिचं. खाली लोकांचे अंगठे आणि फुलं. मी जेवताना ती फुलं मोजायचे आणि आमटीत मीठ कमी आहे म्हणून भांडायचे. आमटी तिने केलेली असायची.

तर त्या दिवशी सकाळी गहिनीनाथभाऊंनी फोटो टाकला. त्यांच्या मोटारीच्या खोलीच्या भिंतीत भोक आहे, तिथून माश्या आतबाहेर करतात, मोटार चालू करायला गेले तर दोन डंख बसले. फोटो खूप जवळून काढलेला, भोकाच्या तोंडाशी एकच माशी. अशा फोटोत एक गोम असते. केवढी आहे ते कळत नाही. मुंगळ्याएवढी आणि अंगठ्याएवढी, दोन्ही स्क्रीनभर दिसतात.

मोनिकाने मिनिटात लिहिलं, “सातेरी मधमाशी वाटते भाऊ. हात लावू नका.”

मी फोटो बघितला. काळी, चकचकीत, तेल लावल्यासारखी. छातीवर लव नावाला नाही. पोट खाली वाकवलेलं, त्यामुळे छाती आणि पोटामधली बारीक जागा सरळ दिसत होती. मला काय आनंद झाला ते मी सांगू शकत नाही. पोरगी चुकली! सगळ्यांसमोर चुकली!

मी बोलून संदेश पाठवला, सगळ्यांना ऐकू जावा म्हणून. “मोनिका, नीट बघत जा. केस कुठं हायेत तिला? कंबर दिसतीया न्हवं? गांधील हाय ती भाऊ, अन् अंगानं मोठी दिसती. संध्याकाळी समद्या आत गेल्या की काय करायचं ते करा.”

मग मोनिकाचं, “ओके आक्का” आणि जोडलेले हात. गहिनीनाथभाऊंनी लिहिलं, “मोठ्या बाई त्या मोठ्या बाई. आज दिवस मावळला की पेटवतो.” त्याखाली माझ्यासाठी सात फुलं पडली.

त्या दिवशी मी आमटीला नावं ठेवली नाहीत. दुपारी भांडी झाल्यावर ओट्याशी बसून पुन्हा मोबाईल उघडला. मला ते “ओके आक्का” परत वाचायचं होतं. ते वाचलं, दोनदा वाचलं, मग वर सरकवून सकाळचा फोटोही उघडला. दोन बोटांनी मोठा केला. डोकं बघितलं, छाती बघितली, वाकलेलं पोट बघितलं. आणि मागचा पाय बघितला.

तो पाय चपटा होता. रुंद, चमच्यासारखा खोलगट, कडेला राठ केसांची ओळ. परागाचे गोळे भरून आणायची टोपली म्हणतात ती. गांधिलीला असा पाय नसतो. लहान असो की मोठी, तिचा पाय काडीसारखा गोल. हिच्या अंगावर लव नव्हती, पण पाय मधमाशीचा होता.

म्हातारी माशी. हंगामभर फुलांत घुसून, भोकातून आतबाहेर करून अंगाची लव झिजलेली. टकली झाली की आतलं काळं अंग चकाकतं आणि नवख्याला गांधीलच वाटते. पोट वाकवलं म्हणून कंबर दिसली. कंबर मधमाशीलाही असतेच, लवेत झाकलेली असते एवढंच. हे नवख्याने चुकावं. मी कोण होते?

मी मोबाईल पालथा ठेवला. खरं सांगते, पहिला विचार भिंतीतल्या मोहोळाचा आला नाही. पहिला विचार आला, कुणाला कळणार आहे? दिवस मावळला की बोळा पेटेल, राखेत गांधील काय आणि मधमाशी काय, कुणी पाय बघत बसत नाही. मोठ्या बाई त्या मोठ्या बाईच राहतील. फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणं काही अवघड काम नव्हतं.

पण त्या भिंतीत सातेरीचं नांदतं घर होतं. आत राणी, पिल्लं, त्यांना भरवणाऱ्या कोवळ्या लवदार माश्या. सगळं माझ्या तोंडाच्या एका वाक्यावर जळणार होतं. मी उठले. गहिनीनाथभाऊंना फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, नुसता वाजत राहिला. ग्रुपवर लिहायला घेतलं, “मोनिकाचं बरोबर” एवढं लिहिलं आणि बोट पुढे जाईना. पुसलं. तशीच पायात चपला अडकवून पाटाच्या कडेने निघाले. लिहिण्यापेक्षा पळणं सोपं होतं.

ऊन उतरलं होतं. मला दम लागला, पदर सुटला, एक डेंगळ्याचं शेत ओलांडून मोटारीची खोली दिसली तर दारात रॉकेलचा डबा, काठीला गुंडाळलेली चिंधी, बाजूला गहिनीनाथभाऊ उकिडवे बसलेले. आणि खोलीच्या भोकापुढे, बरोबर मधे, दगडावर मोनिका. आमची स्कूटी बांधावर लावलेली.

“आल्या बघा आक्का,” ती भाऊंना म्हणाली. “म्हनलं हुतं ना मी, आक्का स्वतः येऊन बघनार हायेत, तवर हात लावू नका म्हनल्यात.”

मी असं काही म्हटलं नव्हतं.

“दुपारधरनं बसल्यात ह्या हितं,” गहिनीनाथभाऊ म्हणाले. “मला काठी पेटवू देईनात, अन् फोन घरी चार्जिंगला. बघा बाई, काय हाय ते सांगा एकदाचं.”

मी भोकाजवळ गेले. उन्हाच्या तिरिपीत माश्या उतरत होत्या. एक काळी टकली आली, तिच्या मागे दोन लवदार, मग अजून एक टकली, मागच्या पायांना पिवळे गोळे. सगळ्या बोटाच्या पेराएवढ्यासुद्धा नाहीत.

“मधमाशी हाय,” मी म्हणाले.

“आँ? अन् सकाळी तर गांधील म्हनला तुमी.”

मी तोंड उघडायच्या आत मोनिका बोलली. “फोटोत मोठी दिसती ना भाऊ. अंदाज येत न्हाई. आक्कांचं काय...”

“तू गप गं,” मी ओरडले. भाऊ दचकले. “मी चुकले. त्यात फोटोचा काय दोष? पाय दिसत हुता, मी बघितला न्हाई. तो डबा उचला आधी हितनं. उद्या पेटी घेऊन येते अन् मोहोळ काढून नेते.”

आणि तिथेच उभी राहून, पुन्हा बोट अडकायच्या आत, ग्रुपवर बोलून टाकलं. “गहिनीभाऊंची माशी सातेरी हाय. मोनिका बरोबर हुती, मी चुकले.” पाठवलं.

परतताना मी स्कूटीवर मागे बसले. तिची वेणी माझ्या तोंडावर येत होती, मी ती बाजूला सारत होते.

“तुला कधी कळलं?” मी विचारलं.

“फोटो आला तवाच. मागचा पाय दिसत हुता की.”

“मग मी गांधील म्हनल्यावर भांडली का न्हाईस? हात जोडून मोकळी झालीस.”

“समद्यांच्या समोर कसं बोलनार आक्का? तुमाला वाईट वाटलं असतं. म्हनलं, हितं येऊन बसते. तुमी फोटो परत बघनारच. बघितला की तुमाला कळनार, अन् कळलं की तुमी येनार.”

“अन् आले नसते तर?”

ती गाडी चालवत होती, वळून बघत नव्हती. “मला तसं वाटलंच न्हाई,” ती म्हणाली.

पाटाच्या पुलावर खड्डा आला, तिने गाडी अलगद काढली. मग तिचं ती बोलायला लागली. “आनि मला कुठं येत हुतं वो काय? माझं लगीन झालं त्या वर्षी तुमीच पेटीपुढं बसवून दाखवलं हुतं. म्हनला हुता, केसांवर जाऊ नको मोनिका, काम करून करून म्हातारी माशी टकली होतीया, पाय बघ, पाय कधी खोटं बोलत न्हाई. तवापासून मी आधी पायच बघते.”

मला आठवलं. तिच्या हातात ती मेलेली टकली माशी ठेवून मीच सांगितलं होतं. मी विसरले, ती विसरली नाही. माझंच शिकवणं तिच्याकडे माझ्यापेक्षा नीट राहिलं होतं, आणि खरं सांगू, त्याचाही मला रागच आला. डोळे भरून आले ते त्या रागानेच, असं मी स्वतःला सांगत होते.

वेणी पुन्हा तोंडावर आली. या वेळी मी ती हातात धरून ठेवली.

“हळू चालव,” मी म्हणाले.