चंद्रकळेचा काळा

टीव्ही दुरुस्तीहून परत आला आणि त्याच संध्याकाळी श्रीमंत शेठ म्हणाले, "यशोधरा, याचा पॅनल बदललाय."

शेठचा फोटो स्टुडिओ सावेडीत. लग्नाच्या, संक्रांतीच्या, बारशाच्या फिल्म तिथे बनतात. बीएस्सी झाल्यापासून मी तिथे एडिटिंग करते. गिऱ्हाईक घरी टीव्हीवरच बघतं, म्हणून रंग तपासायचे ते टीव्हीवर, हा शेठचा नियम. टीव्ही कॉम्प्युटरला एचडीएमआय केबलनं जोडलेला. टीव्हीच्या पडद्यामागचे दिवे गेले होते. महेंद्रदादाकडे द्यायला मीच सांगितलं होतं. तो आमच्या गल्लीतला टीव्ही दुरुस्तीवाला.

पडद्यावर एका गिऱ्हाइकाच्या नव्या सुनेचा पहिल्या संक्रांतीचा कार्यक्रम चालू होता. काळी चंद्रकळा, हलव्याचे दागिने. पण साडी काळी नव्हती, राख फासल्यासारखी होती. हलव्याचा पांढराही मळकट.

"फिल्ममधला काळा शून्यावर नेऊन बसवला, तरी राखाडीच," शेठ म्हणाले. "आमचा पॅनल काढून दुसरा जुना घातलाय त्यानं. तुझ्या ओळखीचा म्हणून दिला होता."

दुसऱ्या दिवशी दुपारी महेंद्रदादा आला तेव्हा शेठनं त्याला बस म्हटलं नाही.

"दिव्यांच्या पट्ट्या बदलल्या, बाकी कशाला हात न्हाई लावला," तो म्हणाला. "पॅनल तुमचाच हाय."

"मग आधी काळं दिसायचं ते कुठं गेलं? तुझ्या दुकानात राह्यलं का?"

"शेठ, तोंड सांभाळून."

"गावातल्या दोन स्टुडिओवाल्यांना सांगून झालंय माझं. तिसऱ्याला पण सांगतो."

महेंद्रदादाचं अर्ध्याहून जास्त काम स्टुडिओंचं. त्याचा चेहरा उतरला. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मला वाटलं, तो काहीतरी लपवतोय. एवढं घाईघाईनं 'कशाला हात न्हाई' का म्हणाला?

पॅनल खराब असेल तर काळा कुठूनही आला तरी राखाडीच दिसायला हवा. मी मागच्या वर्षीची एक फिल्म काढली. आधी कॉम्प्युटरवरून लावली. राखाडी. मग तीच पेन ड्राइव्हवर घेऊन टीव्हीच्याच यूएसबीत खोचली.

फिल्ममधल्या बायकांचे केस काळेभोर दिसले.

"पॅनल ठीक आहे, शेठ. बिघाड केबलच्या वाटेवर आहे."

"केबल तीच हाय," शेठ म्हणाले.

मी टीव्हीच्या मेनूत शिरले. त्या एचडीएमआयसमोर ब्लॅक लेव्हल 'फुल' लिहिलेली. कॉम्प्युटर मात्र 'लिमिटेड' पाठवत होता. उजेडाच्या मोजपट्टीवर लिमिटेडमध्ये काळा सोळाव्या आकड्यावर असतो, पांढरा दोनशे पस्तिसावर. फुलमध्ये काळा शून्यावर, पांढरा दोनशे पंचावन्नवर. कॉम्प्युटर सोळा पाठवून म्हणत होता, हा काळा. टीव्ही समजत होता, काळा शून्याला, म्हणजे सोळाला थोडा उजेड हवा. म्हणून राखाडी. शेठनं फिल्ममध्ये शून्यावर नेलेला काळाही कॉम्प्युटरमधून बाहेर पडताना सोळाच होत होता.

"हे फुल कुणी केलं?" मी विचारलं.

महेंद्रदादा मान खाजवत राहिला. "माझ्या दुकानातला कॉम्प्युटर फुल पाठवतो. तपासताना टीव्ही फुलवर टाकतो मी. प्रत्येकाचाच."

"म्हणजे हात लावला होतास!" शेठ ओरडले.

"अहो, सेटिंगला हात लावणं म्हणतं का कुणी? स्क्रू काढला तर हात लावला." मग जरा खालच्या आवाजात, "परत लिमिटेडवर टाकायचं राह्यलं. चूक झाली."

मी 'लिमिटेड' निवडलं आणि संक्रांतीची फिल्म पुन्हा लावली. हलवा लखलखला. साडी काळी झाली, खरी काळी. पण तिच्यावरचे बारीक चांदण्यांचे ठिपके नाहीसे झाले. पदराच्या घड्याही नाहीत. पडद्यावर काळा डाग आणि त्यावर तरंगणारे दागिने.

महेंद्रदादा खुर्ची ओढून बसला. "शेठ, चांदण्या पण मीच काढून घेतल्या का?"

राखाडी घालवायला शेठनंच रात्रभर फिल्ममधला अंधार ओढून ओढून गडद केला होता. सुनेची सासू कडूबाई संध्याकाळी फिल्म न्यायला येणार होती.

मी गडद करण्याचा तो थर काढून टाकला. ठिपके एकेक करून परत आले. शेठनं वाकून, जवळ जाऊन पाहिलं. पदराची किनारही मोजल्यासारखी पाहिली.

"आता फोन करा," महेंद्रदादा म्हणाला.

"कुणाला?"

"ज्या दोघांना पॅनल चोरल्याचं सांगितलंत, त्यांना."

शेठनं मोबाईल काढला, नंबर लावला आणि दाराकडे चालू लागले.

"इथंच," महेंद्रदादा म्हणाला. "स्पीकरवर."