घरच्या माणसाचा पगार

"या खेपेला तू दुकानात दिसायचं नाहीस," नवऱ्याने सकाळपासून तिला तीनदा बजावलं होतं. त्याचंही चुकत नव्हतं. दुकान विकत घ्यायला आलेल्या मागच्या गिऱ्हाइकाच्या हिशेबनिसाने तिला काउंटरवर पाहिलं, नफ्यातून एका नोकराचा पगार वजा केला, आणि किंमत अशी घसरली की सौदाच फिसकटला.

म्हणून बटणं, दोरे आणि लेस यांत एकोणीस वर्षं घालवलेली बाई आज मागच्या खोलीत, खोक्यांच्या आडोशाला चोरासारखी बसली होती. राग आला होता, पण भीती रागापेक्षा मोठी होती. नवऱ्याच्या गुडघ्यांना तिसऱ्या मजल्याचा जिना झेपेना, म्हणून त्यांनी तळमजल्याच्या घराला बयाणा देऊन ठेवला होता. महिनाअखेर साडेतेरा लाख भरले नाहीत तर घरही जाणार आणि बयाणाही.

बाहेर नवा हिशेबनीस आकडे मोठ्याने बोलत होता. दुकान घेणारी शिंपीणबाई त्याच्या शेजारी स्टुलावर बसली होती.

"माल खरेदीच्या भावाने. ही जुनाट लेस कोणी फुकट नेणार नाही, ती काढली. सहा लाख दहा. कपाटं, काउंटर, दिवे आजच्या किमतीने नव्वद हजार. जागेच्या मालकाकडचं डिपॉझिट तीन लाख, ते बाई, तुम्ही यांना द्यायचं. झाले दहा लाख."

"आणि गुडविल? दुकानाच्या नावाचे, बांधलेल्या गिऱ्हाइकांचे पैसे?" नवऱ्याने विचारलं.

"तीन वर्षांची सरासरी काढली. महिना पन्नास हजार नफा. त्यातून तुमच्या स्वतःच्या कामाचे अठरा वजा, राहिले बत्तीस. भाडेकरार अजून चार वर्षांचा आहे, मालक तो नव्या नावाने द्यायला तयार आहे, म्हणून बारा महिन्यांचे धरतो. गुडविल तीन लाख चौऱ्याऐंशी. एकूण तेरा लाख चौऱ्याऐंशी हजार."

तिने पदर तोंडावर दाबला. भागतंय! वर चौतीस हजार उरतायत!

तेवढ्यात एक म्हातारी कोट घेऊन आत आली. "याचं एक बटण हरवलंय. बटणवाल्या वहिनी कुठंयत?"

"बाहेर गेलीय. मी देतो ना," नवरा म्हणाला आणि एकेक डबा उघडत सुटला. हे मोठं, ते फिकं. एक डबा हातातून निसटला आणि बटणं फरशीभर सांडली.

"राहू दे बाबा," म्हातारी म्हणाली. "त्या असल्या की येते."

शिंपीणबाईने हिशेबनिसाकडे पाहिलं. आतल्या बाईने खोक्यांच्या आडून हे सगळं पाहिलं. बाहेर गेलं तर किंमत पडणार. नाही गेलं तर डोळ्यांदेखत गिऱ्हाईक परत जाणार, आणि गिऱ्हाईक हात हलवत परत गेलेलं तिला कधीच सोसलं नव्हतं. पाय आपोआप उठले. ती बाहेर आली, कोट उजेडाकडे धरला, वरच्या फळीवरचा डबा काढला आणि बटण म्हातारीच्या तळहातावर ठेवलं.

म्हातारी पैसे देऊन गेली.

"यांना पगार किती?" हिशेबनिसाने विचारलं.

नवरा कसंनुसं हसला. "घरच्या माणसाला कसला पगार?"

"पण आम्हाला माणूस ठेवावा लागेल ना. चौदा हजारांहून कमी कोणी येणार नाही." त्याने आकडा खोडला. "बत्तीसचे अठरा झाले. गुडविल दोन लाख सोळा. एकूण बारा लाख सोळा."

नवरा दुसऱ्या स्टुलावर बसला. तिच्याकडे त्याने असं पाहिलं, जणू घर तिनेच बुडवलं. तिला रडू फुटणार होतं, पण चौदा हजार हा आकडा कानातून जाईना. महिन्याला! इतक्या वर्षांत साडीलासुद्धा त्याच्याकडे मागावं लागलं होतं.

"वहिनी, तुम्ही वर्षभर माझ्याकडे राहाल?" शिंपीणबाईने हळूच विचारलं. "चौदा हजारांवर. तेवढ्यात मी शिकेन."

"राहील की! राहील!" नवरा उसळून म्हणाला.

"त्यांनी मला विचारलंय, अहो," ती म्हणाली. "राहते. पण वर्षाचा पगार आगाऊ हवा, सौद्याच्या पैशांबरोबर. तशी चिठ्ठी करू. आणि तो माझ्या हातात."

शिंपीणबाईने हिशेबनिसाच्या कागदावरचे आकडे बोटाने पुन्हा मोजले. तेवढ्या वेळात त्या तळमजल्याच्या घराचं दार हिच्या तोंडावर दहा वेळा बंद झालं.

"चालेल," शिंपीणबाई म्हणाली.

हिशेबनीस हसला. "एक लाख अडुसष्ट. म्हणजे कापले तेवढेच परत आले. रक्कम तीच, तेरा चौऱ्याऐंशी."

"सुटलो बुवा," नवऱ्याने कपाळ पुसलं. "रक्कम तीच."

"तीच कशी?" ती म्हणाली. "मघाशी सगळी दुकानाची होती. आता त्यातली एक लाख अडुसष्ट माझी आहे. घराच्या कागदावर माझं नाव पडेल तेव्हाच ती मिळेल."

नवरा खाली वाकून सांडलेली बटणं गोळा करू लागला. गुडघे दुखत होते, तरी तिने त्याला उठवलं नाही.