लाकडी दिव्याची तार

सुनेने दिवा पुसायला उचलला आणि किंचाळून सोडून दिला. टेबलावरून तो गडगडत खाली आला. काका धावत आले तर ती हात झटकत उभी, आणि तिचं रांगतं पोर दिव्याच्या वायरीकडे निघालेलं. तिने पोराला काखोटीला मारलं, दुसऱ्या हाताने भिंतीतली पिन उपटली आणि काकांकडे, आपल्या सासऱ्यांकडे, वळली.

"बाबा, बस झालं. आज मला शॉक बसला. उद्या याला बसेल."

"टेप लावतो ना."

"टेपवर टेप, टेपवर टेप! वायर दिसते तरी का कुठे? खटका चालत नाही, पिन उपटून दिवा बंद करायचा. होल्डर तर असा डुगडुगतो की बल्ब मान हलवून नको म्हणतो."

तिचं खरंच होतं. जन्मभर सुतारकाम केलेला हा माणूस. दिवा त्यांनीच घडवला होता, बायकोसाठी, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी. त्याच्या उजेडात तिने लोकांच्या कपड्यांना हातशिलाई घातली. घरातला फ्यूज, बल्ब, पिन सगळं तीच बघायची. काकांचं आणि विजेचं कधी पटलं नाही. ती गेली आणि बघणारं कोणी राहिलं नाही. संध्याकाळी तो दिवा लावून त्याच्याशेजारी बसायचं, एवढं मात्र काकांनी एक दिवसही चुकवलं नव्हतं.

सुनेला हे ठाऊक होतं. म्हणून तिने आवाज खाली आणला. "मी फेका म्हणत नाही. नीट करा. नाक्यावरच्या तारवाल्याने तपासून हो म्हटलं तर घरात. नाहीतर दिवा घराबाहेर. मान्य?"

"मान्य," काका म्हणाले आणि दिवा काखेत घालून निघाले.

तारवाल्याचं दुकान म्हणजे एक खिडकी आणि मागे वायरींची जत्रा. त्याने दिवा उलटा केला, टेपची पट्टी नखाने सोलली. आत रबर तडकून गळालेलं, तांब्याचे केस बाहेर आलेले.

"मिस्त्री, ही वायर आहे की उंदराचं जेवण? ठेवून जा, परवा करून देतो."

"मी करणार."

"तुम्ही? वहिनी हयात असताना तुम्ही बल्ब तरी फिरवला होता का?"

"नव्हता. म्हणून तर विचारतोय. सांग कसं करायचं."

तारवाल्याने एकदा त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि थट्टा सोडली. नवी जाड आवरणाची वायर, तीन पिनांचा टॉप, दाबायचा खटका आणि पितळेऐवजी बेकलाइटचा होल्डर काढून ठेवला. मग बोटावर समजावलं. तांबडी फेजची, काळी न्यूट्रलची. खटका तांबडीतच बसवायचा; म्हणजे बंद केल्यावर वीज खालीच अडते, होल्डरपर्यंत चढत नाही. काळी मध्ये कुठेही न कापता सरळ वर न्यायची. वायर दिव्याच्या बैठकीत, म्हणजे बुडात, शिरली की आतल्या बाजूला गाठ, म्हणजे कोणी ओढलं तर ताण गाठीवर, स्क्रूवर नाही.

"आणि तांब्याचा एक केसही बाहेर राहता कामा नये. झालं की इकडे आणा. तपासल्याशिवाय भिंतीत लावलात तर बघा!"

घरी येऊन काकांनी गॅलरीत मांडी ठोकली. आधी होल्डर. तो काढला तर खालचं लाकूड उष्णतेने काळं पडलेलं. स्क्रूची दोन भोकं झिजून मधल्या तारेच्या भोकाला मिळालेली, सगळा मिळून एकच खड्डा. हे मात्र काकांच्या राज्यातलं काम! त्यांनी जळकं लाकूड कोरून काढलं, सागाची गुल्ली तासली, गोंद लावून ठोकून बसवली. गोंद सुकेपर्यंत जेवण उरकलं. मग घासून माथा असा सपाट केला की जोड शोधून सापडू नये. वर नवा होल्डर ठेवून स्क्रू आवळले. हलवून बघितला. दगडासारखा घट्ट.

"सूनबाई, ये बघायला! आता हलवून दाखव."

तिने हलवला. हलला नाही. मग तिने दिवा उलटा केला, बुडातल्या भोकातून वर बघितलं आणि विचारलं, "बाबा, वायर कुठून जाणार?"

काकांनी वायर खालून सरकवली. वीतभर गेली आणि गुल्लीला अडली. आयुष्यभर सैल स्क्रूचं भोक बुजवत आलेले हात; त्यांनी आपल्या सवयीने तारेचा रस्ताच बुजवून टाकला होता.

सून ओठ दाबून हसू आवरत होती. "बाहेरून नेली तर? खांबाला चिकटवून?"

"म्हणजे पुन्हा घासणार, पुन्हा सोलणार. नाही."

होल्डर उतरवला. गुल्लीच्या बरोबर मध्यावर खूण केली, दिवा शिकंज्यात धरला आणि हातड्रिल लावलं. जरा तिरकं गेलं तर खांब फुटला असता. थोडं फिरवायचं, भुसा फुंकायचा, पुन्हा फिरवायचं. घाम डोळ्यात उतरला तरी त्यांनी हात सोडला नाही. शेवटी पात्याचं टोक मोकळं सुटलं आणि भुसा खाली पडला. भोकाच्या कडा त्यांनी कानशीने गोल केल्या, वायरीला बोचायला नकोत म्हणून.

पुढचं सगळं सांगितल्याबरहुकूम. बैठकीत गाठ. तांबडी कापून खटक्याच्या दोन स्क्रूंत. काळी अखंड वर. चष्मा नाकावर ओढून तांब्याचे केस पिळले, स्क्रूखाली दाबले, बुडाला झाकण लावलं.

दुकानात सूनही आली, पोराला कडेवर घेऊन. तारवाल्याने दिव्याचा टॉप आपल्या तपासणीच्या फळीत घातला. फळीवर एक मोठा बल्ब होता.

"यातून वीज आधी माझ्या बल्बातून जाते. तुमचा बल्ब अजून लावलेला नाही, तेव्हा माझाही पेटता कामा नये. पेटलाच तर तुमच्यात कुठेतरी तांबडी-काळी गळ्यात गळा घालून बसलीय. दाबा खटका."

काकांनी दाबला. फळीवरचा बल्ब भक्कन पूर्ण पेटला.

सुनेने पोराला दुसऱ्या कडेवर, फळीपासून लांब घेतलं. तेच काकांना जास्त लागलं.

"ठेवून जा, मिस्त्री," तारवाला हळू म्हणाला.

"स्क्रूड्रायव्हर दे."

तिथेच काउंटरवर, टॉप उपसून, त्यांनी होल्डर उघडला. तांबडीचा एक केस, एकच, स्क्रूच्या डोक्याखालून निसटून पलीकडच्या स्क्रूला टेकला होता. काकांनी दोन्ही टोकं सोडवली, कापली, नव्याने सोलली. या वेळी पिळलेली तार दुमडून आत घातली. आवळल्यावर प्रत्येक टोक ओढून बघितलं. मग खटकाही उघडून तसाच पाहिला, कोणी सांगितलं नसताना.

पुन्हा फळी. खटका दाबला, फळीवरचा बल्ब विझलेलाच. दिव्यात बल्ब लावला. दोन्ही बल्ब मंद पेटले. खटका बंद केला, विझले. मग थेट विजेवर लावून तारवाल्याने दिवा बंद केला, बल्ब काढला आणि टेस्टर होल्डरच्या दोन्ही टोकांना टेकवला. टेस्टर पेटला नाही. वायर धरून हिसका दिला. जागची हलली नाही.

"हो," तो सुनेला म्हणाला. "माझ्या घरी ठेवीन असा झालाय."

संध्याकाळी काकांनी दिवा टेबलावर ठेवला, टॉप भिंतीत घातला आणि बाजूला सरकले. "तू लाव."

सुनेने पोराला कामावरून आलेल्या नवऱ्याकडे दिलं. वायर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांनी चाचपली. दिवा उचलला, तिरपा केला, होल्डर हलवून बघितला. मग खटका दाबला. उजेड टेबलभर पसरला.

"बाबा, हा बल्ब डोळ्यात घुसतो हो. जरा पिवळा आणा. असल्या उजेडात तुम्ही बसणार कसे?"

"आणतो," काका म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.