हाजराबीचं न्हाई

आमच्या कामात बोलवायला आलेल्याला न्हाई म्हणत न्हाईत. सुईण दारातून न्हाई म्हणली तर बाळंतिणीला ते बाधतं, असं माझ्या सासूनं मला शिकवलं होतं. दोन घरं अंगावर असली तरी म्हणायचं, "तू हो पुढं, मी आलेच." मग जमलं तर जायचं, न्हाई जमलं तर अल्लाची मर्जी. तीस साल मी तसंच केलं. कनेरगावापासून साखऱ्यापर्यंत हाजराबी कधी नाट लावत न्हाई, असं माझं नाव होतं. त्या नावाचं मला लई कौतुक होतं, आता सांगायला लाज वाटते.

जिवनबाई तांड्यावरची सुईण. तांडा आमच्या गावच्या नाक्यापासून कोसभर आत. आमचं दोघींचं चांगलं होतं. माझ्याकडं पायाळू लेकरू आलं की मी तिला बोलवायची, तिची बोटं बारीक. तिच्याकडं आडवं लेकरू आलं की ती मला बोलवायची, पोटावरून हात फिरवून लेकरू सरळ करायची कला माझी. एकमेकीच्या हाताला आमी कधी नावं ठेवली न्हाईत.

गेल्या साली तिची सून रूपाबाई अडली. जिवनबाई सकाळीच माझ्या दारात आली. मी तवा पाटलाच्या वाड्यावर निघाले होते, तिथून दिवसभर सुटका न्हाई हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी म्हणले, "तू हो पुढं, मी आलेच." ती गेली. दिवस मावळताना मी तांड्यावर पोचले तवा रूपाबाईवर चादर टाकली होती. तिचा नवरा धर्मसिंग माझ्याकडं बघतसुदिक नव्हता. जिवनबाईनंच मला पाणी दिलं. म्हणली, "तुला उशीर झाला, तू तरी काय करशील?" मी ते पाणी प्याले.

या साली लढाईमुळं रॉकेल मिळत नव्हतं, तांदूळ मिळत नव्हता, लेकरं मात्र येऊनच राहिली होती. त्या दिवशी दोन बायका माझ्या हातावर होत्या. खाजा मिया पिंजाऱ्याची सून मदीनाबी बाळंत झाली होती, पण वार पडली नव्हती आणि रक्त थांबत नव्हतं. मी तिचं पोट चोळून राहिले होते, लेकरू तिच्या छातीला लावलं होतं. बाजूच्या गल्लीत नजमुन्निसाला पहाटपासून कळा सुरू होत्या, पहिलटकरीण. तिच्याकडनं दोनदा बोलावणं येऊन गेलं होतं.

तेवढ्यात खाजा मियाच्या दारात हस्तिदंती बांगड्या वाजल्या. जिवनबाई धापा टाकत उभी होती.

"हाजराबी, भिकाची वेळ आली. लेकरू आडवं हाय. चल."

भिका म्हणजे भिकाबाई, तिची एकुलती लेक. बाळंतपणाला माहेरी आलेली.

"पाणी गेलं?" मी विचारलं.

"आत्ता निघताना गेलं."

माझ्या तोंडात ते शब्द तयारच होते. तू हो पुढं, मी आलेच. तीस सालाची सवय, जीभ आपोआप वळते. पण माझ्या हाताखाली मदीनाबीचं पोट पुन्हा मऊ पडलं आणि रक्ताचा लोंढा आला. हात काढला तर ही बाई जाईल, हे मला दिसून राहिलं होतं. आणि रूपाबाईची ती चादरही दिसून राहिली होती.

मी म्हणले, "न्हाई जिवनबाई. मी येत न्हाई."

मदीनाबीच्या सासूनं तोंडावर पदर घेतला.

"मी इथं बसते," जिवनबाई म्हणली. "हिचं मी बघते. तू जा."

"मी येऊन लेकरू फिरवून बघीस्तोवर दुपार टळंल. पाणी गेल्यावर लेकरू फिरंल का न्हाई, माझं मलाच सांगता येत न्हाई. न फिरलं तर मग काय? वाशीमकडची मोटार निघून गेलेली आसंल. मी येईन म्हणून वाट बघू नको. मी येणारच न्हाई."

"गेल्या साली निदान येते तरी म्हणलीस," ती म्हणली.

ते माझ्या काळजात गेलं. पण बोलत बसायला येळ नव्हता. पोट चोळता चोळता मी तिला सांगत गेले. कापसाचे गठ्ठे घेऊन मोटार दुपारी नाक्यावर येते. जकात घेणारे करोडगिरीचे जवान गठ्ठे तपासतात, तेवढा येळ थांबते. भिकाला बाजेवर डाव्या कुशीवर निजव आणि चौघांच्या खांद्यावर नाक्यावर आण. कळ आली तरी जोर करू देऊ नको. कुणाला पोट दाबू देऊ नको. लेकराचा हात बाहेर आला तर ओढू नको, काही झालं तरी ओढू नको. वाशीमच्या दवाखान्यात पोट फाडून लेकरू काढतात, तिथंच न्या.

उकळून वाळवलेल्या फडक्यांचं माझं गाठोडं एका हातानं तिच्याकडं सरकवलं. खाजा मिया ओसरीवर बसला होता, त्याला म्हणले, "चच्चा, नाक्यावर जावा. जवानांच्या पाया पडा, डायव्हरच्या पाया पडा, पण तांड्याची बाज येईस्तोवर मोटार हलू देऊ नका." म्हातारा चपला न घालताच पळाला. सुनेचा जीव जाऊन राहिला असताना दुसऱ्याच्या लेकीसाठी पळाला, हे मी कधी विसरले न्हाई.

जिवनबाईनं गाठोडं घेतलं. जाताना उंबऱ्यावर थुंकली, माझ्याकडं बघून. मला राग आला न्हाई.

मदीनाबीची वार तिसऱ्या प्रहरी पडली. रक्त हळूहळू थांबलं. तिथून उठून नजमुन्निसाकडं गेले, दिवेलागणीला तिला पोरगं झालं. खाजा मिया सांगत आला की बाज वेळेवर पोचली, मोटार गेली. मी घरी येऊन हात धुतले आणि रडले. भिकाबाई वाटंत मेली आसंल तर जिवनबाईला तोंड कसं दाखवायचं, तेवढंच डोक्यात होतं.

आठ दिवस काही कळलं न्हाई. गावात मात्र सगळ्यांना सगळं कळत होतं. हाजराबीनं तांड्याच्या पोरीला तोंडावर न्हाई म्हणलं, आपल्या जातीच्या बाया तेवढ्या धरल्या. विहिरीवर बाया माझ्याशी कमी बोलायला लागल्या.

नवव्या दिवशी जिवनबाई आली. उन्हात चालून आली होती, चेहरा उतरलेला. ओट्यावर बसली. माझं गाठोडं तिनं पुढं ठेवलं, फडकी धुऊन, घडी घालून.

"भिका वाचली," ती म्हणली. "लेकरू गेलं. पोरगा होता. आता पुन्हा तिला लेकरू होणार न्हाई म्हणले."

मी म्हणले, "जिवानिशी वाचली."

"डाक्टर म्हणला, घटकाभर उशीर झाला असता तर हीबी गेली असती. वाट बघत बसला न्हाईत म्हणून ही हाती लागली."

मी पाणी आणलं. तिनं तांब्या हातात घेतला, पण प्याली न्हाई. त्या फडक्यांवरनं हात फिरवला. मग तिनं मान वर केली. तिला ते तवाच कळलं असावं, मोजून, एकेक करून. गेल्या सालची ती सकाळ, तो तांडा, नाक्यावरून निघून गेलेली मोटार आणि बाजेवर वाट बघणारी रूपाबाई.

"हाजराबी," ती म्हणली, "गेल्या साली न्हाई काहून म्हणली न्हाईस?"